सुमनबाईंनी हे आधी का सांगितलं नाही? रहस्य कादंबरीतल्या सपाट दुय्यम पात्राची दुरुस्ती

रहस्य कादंबरीच्या पहिल्या मसुद्यात तपास अधिकारी बहुधा बरा उतरलेला असतो, खुनीसुद्धा. लेखकाने त्या दोघांच्या सहवासात महिनेच्या महिने काढलेले असतात. गाडी अडते ती मधल्या माणसांपाशी. शेजारी, मृताची बहीण, घरी काम करणारी बाई, कार्यालयातला जुना कारकून. ही माणसं येतात, विचारलेल्याचं उत्तर देतात आणि निघून जातात. मग विसाव्या प्रकरणात त्यांतलं एखादं नाव पुन्हा आलं की वाचक 'हा कोण बरं?' म्हणत मागची पानं चाळू लागतो.

अशा पात्राला संपादक 'सपाट' म्हणतात. हा शेरा नव्या लेखकाला फारसा उपयोगी पडत नाही, कारण पुढे करायचं काय ते त्यात नसतं. म्हणून इथे एकच पात्र घेते: तपासाला माहिती पुरवणारा साक्षीदार. रहस्य कादंबरीत सर्वांत जास्त सपाट होणारं पात्र हेच, आणि दुरुस्तीने सर्वांत जास्त फायदाही इथेच होतो.

उदाहरणासाठी एक कथानक रचलं आहे. अंथरुणाला खिळलेले एक वृद्ध वकील सकाळी मृत सापडतात. झोपेचं औषध प्रमाणाबाहेर पोटात गेलेलं आहे. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या सुमनबाईंची पाळी सकाळी आठ ते रात्री नऊ. रात्रीची रेखा दहाला येते. मधला तासभर घराला बाहेरून कुलूप असतं. किल्ल्या तिघांकडे : सुमनबाई, रेखा आणि पुतण्या. पुतण्या त्या संध्याकाळी येऊन सव्वाआठला गेला आणि पावणेनऊपासून मध्यरात्रीपर्यंत एका समारंभात चारचौघांसमोर होता. औषधांच्या वहीत सुमनबाईंच्या हातची नोंद आहे : 'रात्री ९, औषध दिलं, बोलत होते.' म्हणजे पुतण्या गेल्यावरही हे वकील आजोबा ठीक होते. पुतण्या सुटला.

खरी गोष्ट अशी की सुमनबाई सव्वासातलाच निघून गेल्या होत्या. नऊची नोंद त्यांनी जाण्याआधी करून ठेवली होती. पुतण्याने तेवढ्या वेळात काम उरकलं.

मसुद्यात सुमनबाई तीनदा येतात. तिसऱ्या प्रकरणात त्या नऊच्या औषधाबद्दल सांगतात. अकराव्यात पुतण्याचं आणि आजोबांचं मृत्युपत्रावरून वाजलं होतं हे सांगतात. एकोणिसाव्यात स्वतःहून पोलीस ठाण्यात येऊन रडत रडत लवकर निघाल्याचं कबूल करतात, आणि प्रकरण सुटतं. कथानक म्हणून यात मोडतोड काही नाही. तरीही वाचकाला सुमनबाई कोण ते कळत नाही.

पहिलं काम : तिची पानं वेगळी काढा

संपादक सुरुवात करतो ती पात्राचे सगळे प्रसंग कादंबरीतून उचलून एका वेगळ्या फाईलमध्ये सलग लावून. मधली तपासाची, पाठलागाची पानं गेली की पात्र एकटं उरतं, आणि ते उभं राहतं की नाही हे दहा मिनिटांत कळतं. सुमनबाईंचे तिन्ही प्रसंग मिळून चार पानं भरतात.

आता दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. जे वाक्य तपास पुढे नेतं त्याखाली एक रंग. जे वाक्य सुमनबाईंनाच सुचू शकतं, दुसऱ्या कोणाच्या तोंडी शोभलं नसतं, त्याखाली दुसरा. सपाट पात्राची पानं जवळजवळ एकाच रंगाची निघतात. आणखी एक खूण शोधा : ही बाई कधी स्वतः प्रश्न विचारते का? कधी उत्तर द्यायचं टाळते का? कधी प्रश्नाचा चुकीचा अर्थ घेते का? चार पानांत यातलं एकदाही घडत नसेल तर ती माणूस नाही, तपास अधिकाऱ्याने उघडलेला खण आहे.

या टप्प्यावर नवे लेखक हमखास एक उपाय करतात, आणि तो लागू पडत नाही. ते पात्राला पूर्वायुष्य देतात. सुमनबाईंचा नवरा लवकर गेला, मुलगा शिकतोय, डाव्या गुडघ्यात कळ येते. असा एक परिच्छेद तिसऱ्या प्रकरणात चिकटवला जातो. तो काढून पाहा. सुमनबाईंच्या एकाही वाक्यात फरक पडतो का? पडत नसेल तर तो परिच्छेद सजावट आहे. पात्राची पार्श्वभूमी वाचकाला सांगण्यासाठी नसते. ते पात्र आज, या प्रश्नाला, हेच उत्तर का देतं ते ठरवण्यासाठी ती असते.

दुसरं काम : एकच प्रश्न विचारा

संपादक समासात लिहितो : 'एकोणिसाव्यात सांगितलं ते तिसऱ्यात का सांगितलं नाही?'

लेखकाचं खरं उत्तर असतं, 'तिसऱ्यात सांगितलं असतं तर कादंबरी तिथेच संपली असती.' हे लेखकाचं कारण झालं, सुमनबाईंचं नव्हे. माझ्या अनुभवात रहस्य कादंबरीतला सपाटपणा इथूनच येतो. पात्र कधी बोलणार आणि कधी गप्प राहणार, हे लेखकाच्या सोयीवर ठरतं. इतर प्रकारच्या कादंबरीत हा दोष इतका उघडा पडत नाही, कारण तिथे माहिती कोणत्या पानावर फुटते यावर सगळा डोलारा उभा नसतो.

त्यामुळे प्रत्येक प्रसंगासाठी दोन उत्तरं लिहून काढायची : सांगितलं तर तिचं काय जाईल, आणि गप्प राहिली तर काय जाईल. तिसऱ्या प्रकरणात सांगितलं तर नोकरी जाईल, आणि रुग्णाला एकटं सोडून गेली हे पसरलं की पुढे कोणी कामावर ठेवणार नाही. गप्प राहिली तर? त्या दिवशी तरी काहीच जाणार नाही, कारण आजोबा आजारीच होते, मृत्यूत काही संशयास्पद असेल असं तिला वाटलेलं नाही. मौन स्वस्त आहे, म्हणून ती गप्प राहते. एकोणिसाव्यापर्यंत हा हिशेब उलटायला हवा. तो कशाने उलटतो हे मसुद्यात कुठेच नाही, म्हणूनच ती कबुली खोटी वाटते, मग ती कितीही रडो.

तिसरं काम : तिचं घड्याळ लावा

खुनाच्या दिवशीचं वेळापत्रक बहुतेक लेखकांकडे असतं, पण ते खुन्याचं असतं. फार तर तपास अधिकाऱ्याचंही. साक्षीदाराचं नसतं. अर्ध्या पानावर ते मांडा, आणि तो एक दिवसच नाही, दोन प्रसंगांच्या मधले दिवसही मांडा. वाचकाला न दिसणाऱ्या काळात ही बाई काय करत होती?

सुमनबाईंचं घड्याळ असं लागतं. सात वाजून दहा मिनिटांनी त्या औषध पेल्यात काढून आजोबांच्या हाताशी ठेवतात. नऊला ते स्वतः घेतात, हे दोघांत ठरलेलं आहे. मग वहीत नऊची नोंद. सव्वासातला कुलूप. आठला दुसऱ्या एका रुग्णाकडे हजर, तिथली रात्रपाळी. गेले चार महिने हे असंच चाललं आहे आणि कधी काही बिघडलेलं नाही. सकाळी तिकडून परस्पर आजोबांकडे, आणि दारात पोलीस.

ही चार महिन्यांची सवय महत्त्वाची आहे. एकदाच लवकर निघाली आणि नेमका त्याच दिवशी खून झाला, तर वाचक योगायोगावर नाक मुरडेल. रोजचं असेल तर ते दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलेलं असू शकतं. कोणाच्या? इथे लेखकाला आपल्याच कथानकाचा पाया सापडतो : पुतण्याच्या. तो मागे दोनदा त्या वेळी आला होता. घरात बाई नव्हती, आणि वहीत नऊची नोंद मात्र तयार होती. त्याची सगळी योजनाच या नोंदीवर उभी आहे.

मग संपादकाचा पुढचा प्रश्न : पुतण्याने पोलिसांना काय सांगितलं असेल? तो म्हणेल, 'मी निघालो तेव्हा सुमनबाई स्वयंपाकघरात होत्या.' स्वतःला वाचवण्यासाठी त्याला ते म्हणावंच लागेल. आणि हे कानावर आलं की सुमनबाईंना काय वाटेल? त्यांना वाटेल, हा भला माणूस आपल्याला पाठीशी घालतोय. त्या खुन्याच्या उपकाराखाली येतात. मसुद्यातली एकही घटना न हलवता हे पात्र खोल झालं, कारण आता तिला कोणाबद्दल तरी काहीतरी वाटतंय, आणि ते वाटणं चुकीच्या माणसाबद्दल आहे.

हे उत्तर संपादकाला आधी सुचलं तरी त्याने ते लिहून देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. प्रश्न लिहावा आणि थांबावं. लेखकाला स्वतः सापडलेलं कारण पुढच्या पन्नास पानांत आपोआप झिरपतं. दुसऱ्याने दिलेलं कारण दिल्या जागीच पडून राहतं.

चौथं काम : पहिला जबाब पुन्हा लिहा

मसुद्यातला प्रसंग असा होता :

"शेवटचं औषध कधी दिलंत?"
"रात्री नऊला, साहेब."
"तेव्हा कसे होते ते?"
"बरे होते. बोलत होते."
"मग?"
"मग मी घरी गेले. दहाला रेखा येते."

वर लावलेलं घड्याळ हाताशी ठेवून तोच प्रसंग :

"शेवटचं औषध कधी दिलंत?"
"वहीत आहे ना, साहेब. सगळं लिहिलेलं असतं वहीत."
"वही पाहिली मी. तुम्हाला विचारतोय."
"नऊला." सुमनबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "वही तुम्ही नेणार का?"
"न्यावी लागेल. पुतणे म्हणाले, ते निघाले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात होतात."
त्यांचा हात थांबला. "असं म्हणाले ते?"
"का, नव्हतात?"
"होते की. इथेच होते." घडी घातलेला टॉवेल त्यांनी उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतला.

काय बदललं ते पाहा. माहिती तेवढीच आहे : नऊला औषध, बाई घरात होती. पण आता सुमनबाई प्रश्नाला वहीची ढाल करतात. स्वतः एक प्रश्न विचारतात, आणि तो मृताबद्दल नसून वहीबद्दल आहे. 'असं म्हणाले ते?' या तीन शब्दांत पुढच्या सोळा प्रकरणांचं बीज आहे. आणि कुठेही 'ती घाबरली', 'तिच्या मनात अपराधीपणा दाटला' असं लिहिलेलं नाही. कादंबरी तपास अधिकाऱ्याच्या नजरेतून चालली असेल तर तसं लिहिता येतच नाही. सुमनबाईंच्या मनात एकदा जरी डोकावलं तरी पुढे 'मग तेव्हा लपवलं कसं?' म्हणून वाचक लेखकालाच धरेल. अधिकाऱ्याला जे दिसतं तेवढंच द्या आणि त्याला त्याचा चुकीचा अर्थ लावू द्या. इथे तो समजतो, बाई पोलिसांना बिचकली आहे.

एक धोका आहे. थांबलेला हात फार ठळक झाला तर वाचक तिथेच बोट ठेवेल. असा दुवा लपवायची जुनी रीत म्हणजे त्याला प्रसंगाच्या शेवटी न ठेवणं. शेवटच्या ओळीवर वाचक रेंगाळतो. म्हणून टॉवेलनंतर लगेच काहीतरी अधिक मोठं घडू द्या. शवविच्छेदनाचा निरोप येऊ द्या, मृत्युपत्राचा विषय निघू द्या. दुवा वाचकाच्या डोळ्यांसमोर राहिलाच पाहिजे, फक्त प्रकाशझोत त्याच्यावर पडायला नको.

पाचवं काम : अर्धं सत्य मध्ये सोडा

अकराव्या प्रकरणात मसुद्यातल्या सुमनबाई पुतण्याचं भांडण आपणहून सांगतात. आता ते जमणार नाही. ज्याच्या उपकाराखाली त्या आहेत त्याच्याविरुद्ध त्या आपणहून बोलणार नाहीत. नवे लेखक इथे वैतागतात, कारण एक नीट बसलेला दुवा निखळतो. पण पात्र खरोखर खोल झाल्याची हीच खूण आहे : ते लेखकाचं काम करायला नकार देतं. भांडणाची माहिती दुसऱ्या कोणाकडून येऊ द्या, आणि अधिकाऱ्याने सुमनबाईंना विचारलं की त्यांनी पुतण्याची बाजू घेऊ द्या, अगदी मनापासून. "ते तसे नाहीत हो, साहेब. माणसाची जाण आहे त्यांना." हे वाक्य दुसऱ्या वाचनात चटका लावेल.

याच प्रकरणात अधिकाऱ्याला त्यांच्या दुसऱ्या कामाचा पत्ता लागू द्या. त्या कबूल करतात, पण म्हणतात, 'नऊ वाजून गेल्यावर जायचे तिकडे.' वाचकाला वाटतं, बाई लपवत होती ते हेच. त्याचा संशय निवतो. निर्दोष माणसाच्या खोट्याला असे दोन थर दिले की पहिला फुटल्यावर दुसऱ्याकडे कोणी पाहत नाही.

एकाच दुय्यम पात्राला खोली दिली की दुसरी अडचण उभी राहते. बाकी सगळे सपाट आणि सुमनबाईच तेवढ्या जिवंत, तर सराईत वाचक लगेच म्हणतो, 'हिला इतकी जागा दिली म्हणजे हिच्यातच काहीतरी आहे.' म्हणून आणखी एक-दोघांना स्वतःचं काहीतरी लपवायला द्या, भले ते एका परिच्छेदाचं असो. औषधं लिहून देणारे डॉक्टर शेवटच्या भेटीची तारीख सांगताना अडखळतात, कारण महिनाभर ते आलेच नव्हते. एवढं पुरतं.

आणि सगळ्यांना हे करू नका. सपाट आणि गोलाकार पात्रं हा भेद इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली मांडला, तेव्हा सपाट पात्रं टाकाऊ असतात असं त्यांनी म्हटलं नव्हतं; ती चटकन ओळखू येतात आणि नंतर आठवतात, हे त्यांचे फायदे त्यांनी सांगितले होते. शवविच्छेदनाचा अहवाल देणारा माणूस अर्ध्या पानापुरता येतो. त्याचं वैवाहिक दुःख कोणालाही नको असतं. मी एक साधी चाळणी लावते : पात्र दोन किंवा अधिक प्रसंगांत येतं का, आणि त्याच्या शब्दावर तपासाची दिशा वळते का? दोन्हींचं उत्तर हो असेल तरच हा सगळा खटाटोप.

सहावं काम : कबुलीची किंमत ठरवा

आता एकोणिसावं प्रकरण. वर म्हटलेला हिशेब इथे उलटायचा आहे. वहीनुसार आजोबा नऊला ठीक होते आणि पुतण्या त्याआधीच गेला होता. मग घरात नंतर आलं कोण? दहाला आलेली रेखा. पोलीस तिला ताब्यात घेतात. रेखाला हे काम सुमनबाईंनीच मिळवून दिलं आहे, चादर रुग्णाखालून कशी बदलायची इथपासून सगळं शिकवलं आहे. आता त्यांच्या गप्प राहण्याची किंमत दुसरंच कोणी मोजतंय.

इथे घाई करू नका. अटकेची बातमी कळताच सुमनबाई धावत ठाण्यात आल्या तर पुन्हा लेखकाची सोय झाली. त्या आधी पुतण्याकडे जातील. ज्याने आपल्याला सांभाळून घेतलं तो रेखालाही सांभाळेल, असं त्यांना वाटणारच. त्या त्याला म्हणतात, 'आपण दोघांनी जाऊन खरं सांगू या, मी नव्हते म्हणून.' तो शांतपणे म्हणतो, 'तुम्ही होतात, सुमनबाई. तुम्हीच लिहिलंय.' त्या एका वाक्याने त्यांना कळतं की तो उपकार कधीच नव्हता. हा प्रसंग वाचकाला प्रत्यक्ष दाखवू नका. अधिकारी तिथे नाही. सुमनबाईंच्या जबाबातून तो येऊ द्या, तोही तुटक.

ठाण्यातल्या प्रसंगातून रडणं काढून टाका. रडणं वाचकाकडे सहानुभूती मागतं, आणि मागितली की मिळत नाही. त्यांना नेहमीच्या पद्धतीने काम करू द्या. त्या वही मागतात, ते पान उघडतात, नऊच्या नोंदीवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "ही मी सात वाजून दहा मिनिटांनी लिहिली. रोज तशीच लिहायचे. मागची चार महिन्यांची पानं बघा, शाई एकच आहे, सातच्या नोंदीची आणि नऊची." पुरावा आणि कबुली एकाच हालचालीत आली, आणि ती फक्त याच बाईला सुचू शकली असती, कारण वही तिची आहे.

चार पानांची सुमनबाई आता सात-आठ पानांची झाली असेल. तेवढी पानं दुसरीकडून कापावी लागतील, आणि ती सहसा सहज मिळतात. अकराव्यातला भांडणाचा लांबलचक वृत्तांत, अधिकाऱ्याने सहकाऱ्याला केलेली वेळांची उजळणी, पूर्वायुष्याचा तो चिकटवलेला परिच्छेद, हे सगळं आता अनावश्यक झालेलं असतं.

तपासून पाहायची पद्धत सोपी आहे. ज्याने कादंबरी वाचलेली नाही अशा एकाला फक्त तिसऱ्या आणि अकराव्या प्रकरणातली सुमनबाईंची पानं द्या आणि विचारा, 'उद्या ही बाई काय करेल?' 'पोलिसांना अजून काहीतरी सांगेल' असं उत्तर आलं तर काम अपुरं आहे. 'वही परत मागायला जाईल', 'त्या पुतण्याचे आभार मानेल' असं काही आलं तर ती उभी राहिली. वाचकाचा अंदाज बरोबर निघायला हवा असं नाही. तो सुमनबाईंबद्दलचा अंदाज असला पाहिजे, कथानकाबद्दलचा नव्हे.

राहिलं शेवटचं प्रकरण. मसुद्यात कबुलीनंतर सुमनबाई गायब होतात, दुवा दिला की साक्षीदाराचं काम संपलं म्हणून. संपादक तिथे समासात एवढंच लिहितो : 'रेखा सुटल्यावर या दोघी भेटल्या का? आणि सुमनबाई आता कुठे कामाला जातात?' उत्तर एका ओळीत आलं तरी चालेल. पण ती ओळ लिहिण्याआधी लेखकाला ते माहीत असलं पाहिजे.